आरतीचं तबक, बंब आणि ऑक्सिजनचं मशीन: सीओपीडीच्या पेशंटच्या घरच्यांसाठी

दवाखान्यातून डिस्चार्ज मिळताना बऱ्याच घरांना औषधांची यादी मिळते आणि ‘घरी ऑक्सिजन लावा’ एवढं एक वाक्य. मशीन आणून देणारा माणूस बटण कुठलं, नळी कुठे लावायची हे दाखवतो आणि पुढच्या घरी निघतो. तो गेल्यावर जे प्रश्न पडतात त्यांच्यासाठी हा लेख आहे.

समजायला सोपं जावं म्हणून तासगाव तालुक्यातलं एक घर डोळ्यांसमोर धरू. आजी ६८ वर्षांच्या, सगळं आयुष्य चुलीपुढे गेलेलं, त्यातूनच जडलेला फुप्फुसांचा जुना आजार, म्हणजे सीओपीडी. घरात मुलगा, सून आणि कॉलेजात जाणारा नातू. डॉक्टरांनी ५ लिटरचं कॉन्सन्ट्रेटर मशीन आणि वीज गेली तर हाताशी असावा म्हणून एक छोटा सिलिंडर ठेवायला सांगितलाय. बाकी घर आपल्याकडच्या कुठल्याही घरासारखंच आहे: देवघर आहे, परसात पाणी तापवायचा बंब आहे, आणि आजींना मिश्रीची सवय आहे.

आधी कागदावर तीन आकडे

मशीन चालू करण्याआधी डॉक्टरांकडून तीन आकडे लिहून घ्या. मिनिटाला किती लिटर, दिवसातून किती तास, आणि ऑक्सिमीटरवर सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, कितीच्या दरम्यान ठेवायचं. आजींच्या कागदावर लिहिलंय: २ लिटर, १६ तास, ८८ ते ९२. तुमच्या पेशंटचे आकडे वेगळे असतील, म्हणून शेजारच्या काकांचा आकडा आपल्याकडे चालवू नका. झोपताना आणि चालताना प्रवाह तोच ठेवायचा की वेगळा, हेही त्याच वेळी विचारून घ्या.

तास भरणं महत्त्वाचं आहे. ज्यांना कायमचा ऑक्सिजन लागतो त्यांना तो दिवसाला किमान १५ तास घेतला तरच खरा उपयोग होतो. दम लागला की दहा मिनिटं नळी लावायची आणि काढून ठेवायची, याने काही साधत नाही. रात्रीची झोप धरली की निम्मे तास तिथेच भरतात, उरलेले टीव्ही बघताना, निवडण-टिपण करताना.

तिसऱ्या आकड्यावरून घराघरांत वाद होतात. करोनाच्या काळात घरोघरी ऑक्सिमीटर आले आणि ‘९४ च्या खाली गेलं की दवाखाना’ हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. त्यामुळे आजींचं ९० दिसलं की नातू घाबरतो आणि मशीनचा नॉब ४ वर नेतो. थोड्या वेळात ९७ दिसतं, सगळ्यांना हायसं वाटतं. नेमकं हेच टाळायचंय. सीओपीडीच्या काही पेशंटमध्ये गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन गेला की रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत जातो. तो ऑक्सिमीटरवर दिसत नाही. आकडा छान ९७ असतो आणि माणूस मात्र हळूहळू गुंगीत जात असतो.

हे ओळखायचं कसं? सकाळी उठल्यावर डोकं जड, दुखतंय अशी तक्रार. दिवसा बसल्या जागी डुलक्या, हाक मारली की उशिरा ओ. बोलण्यात असंबद्धपणा, ‘आज वार कोणता’ याला भलतंच उत्तर. हात पुढे धरायला सांगितले तर पंजे फडफडल्यासारखे हलतात. ‘आजी आज शांत झोपल्यात’ असं म्हणून या गोष्टी सोडून देऊ नका. अशा वेळी प्रवाह वाढवलेला असेल तर लिहून दिलेल्या आकड्यावर आणा, पण ऑक्सिजन एकदम बंद करू नका, त्याने सॅच्युरेशन धाडकन खाली येतं. आणि लगेच १०८ ला फोन करा.

अँब्युलन्स आली की घरच्यांनी पहिलं वाक्य हे बोलायचं: ‘सीओपीडी आहे, टार्गेट ८८ ते ९२.’ नाहीतर घाईत मोठा मास्क लावून भरपूर ऑक्सिजन सोडला जाऊ शकतो. हेच वाक्य एका जाड कागदावर लिहून आजींच्या बटव्यात ठेवलेलं बरं, कारण त्या वेळी घरात कोण असेल सांगता येत नाही.

आता उलट बाजू. अंघोळ करून आल्यावर किंवा संडासला जाऊन आल्यावर आजींना दम लागतो, सॅच्युरेशन थोडं घसरतं. लगेच नॉबला हात लावू नका. त्यांना खुर्चीत बसवा, हात मांडीवर टेकवून किंचित पुढे वाकू द्या. श्वास नाकाने घेऊन, ओठांचा चंबू करून सावकाश सोडायला सांगा. पाचेक मिनिटांनी बोट गरम करून, मेंदी किंवा नेलपॉलिश नसलेल्या बोटाला ऑक्सिमीटर लावा आणि आकडा स्थिर व्हायला मिनिटभर द्या. थंडीत गार पडलेल्या बोटावर हे यंत्र वाटेल ते दाखवतं. बसून, नेहमीच्या प्रवाहावर, आकडा ८८ च्या वर येतच नसेल तर डॉक्टरांना फोन करा. ओठ निळसर दिसत असतील किंवा एक वाक्यही पूर्ण बोलता येत नसेल, तर लगेच १०८ ला फोन करा. घरी प्रयोग करू नका.

प्रवाह बघायचीही एक रीत आहे. मशीनवरच्या काचेच्या नळीत छोटी गोळी वरखाली होते. डोळे गोळीच्या उंचीवर आणून, गोळीचा मध्य २ च्या रेषेवर आहे का ते बघायचं. उभ्याने वरून बघितलं की आकडा चुकतो, त्यामुळे वाका किंवा गुडघ्यावर बसा.

मशीन कुठे ठेवायचं

कॉन्सन्ट्रेटर खोलीतलीच हवा आत ओढतं, त्यातला नायट्रोजन बाजूला काढतं आणि उरलेला ऑक्सिजन नळीत सोडतं. म्हणून त्याला सगळ्या बाजूंनी हवा लागते. भिंतीपासून फूटभर लांब, कडक जमिनीवर ठेवा. पडद्याला चिकटून, कपाटात किंवा सतरंजीवर नको. स्वयंपाकघरात आणि देवघराच्या खोलीत तर नकोच. पिन थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लावा, जिथे आधीच चार पिना लटकतायत त्या एक्स्टेंशन बोर्डवर नाही.

मागचा स्पंजाचा फिल्टर आठवड्यातून एकदा साध्या पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून परत लावायचा. साखर कारखान्याच्या जवळच्या गावात हंगामात काळी राख पडते, तेव्हा दोन-तीन दिवसांनी बघा. ओला फिल्टर लावून किंवा फिल्टरशिवाय मशीन चालवू नका.

मशीनला ऑक्सिजन ओलसर करणारी पाण्याची बाटली असेल तर त्यात डिस्टिल्ड किंवा उकळून गार केलेलं पाणी, दोन खुणांच्या मध्ये. रोज ओतून टाका, बाटली धुवा, नवं भरा. शिळ्या पाण्यातले जंतू थेट छातीत जातात. नळीतून ऑक्सिजन येतोय का अशी शंका आली तर नाकात घालायची दोन टोकं पेल्यातल्या पाण्यात बुडवा. बुडबुडे आले की नळी मोकळी आहे. नाही आले तर नळी पलंगाच्या पायाखाली दबलीय का, बाटलीचं झाकण तिरकं बसलंय का हे आधी बघा. झाकणाचे आटे नीट न बसणं हाही अशा तक्रारींचा उगम असतो.

आग: इथे जरा थांबून वाचा

ऑक्सिजन स्वतः जळत नाही, तो दुसऱ्याला जाळतो. नाकातून निसटलेला ऑक्सिजन पदरात, केसांत, उशीत आणि विशेषतः गोधडीच्या थरांमध्ये भरून राहतो. एरवी ठिणगी पडली तर गोधडीला बारीक भोक पडून विझली असती, ती आता भडकते. नळीला आग लागली तर ती वातीसारखी सरसर चेहऱ्याकडे येते. नियम साधा आहे: नाकात नळी असेल तर कुठल्याही ज्योतीपासून, निखाऱ्यापासून किमान दहा फूट लांब.

बिडी-सिगारेटचं सगळ्यांना कळतं, निदान सांगितल्यावर तरी. पेशंटने ओढायची नाहीच, पण भेटायला आलेल्या पाहुण्यानेही त्या खोलीत पेटवायची नाही. दारावर पाटी लावा. सासऱ्यांच्या मित्राला सुनेने तोंडाने सांगायचं म्हणजे संकोच होतो, पाटीला संकोच नसतो.

मिश्रीचं तसं लक्षात येत नाही. तव्यावर तंबाखू भाजायला आजी स्वतः शेगडीपुढे बसतात, नळी नाकात, तोंडापुढे तापलेला तवा आणि वर धूर. आगीचा धोका आहेच, शिवाय तो धूर आधीच खराब झालेल्या फुप्फुसांत जातो. मिश्री सुटली तर उत्तमच. तोवर निदान भाजायचं काम त्यांच्याकडे आणि त्या घरात नको.

आणि आरती. घरात आजारी माणूस असलं की आरती झाल्यावर तबक मुद्दाम पलंगापाशी नेतात. आजी ज्योतीवर तळवे धरतात आणि चेहऱ्यावरून फिरवतात. प्रेमाने केलेली ही गोष्ट नळी लावलेल्या माणसाजवळ पेटती ज्योत घेऊन येते, वर तबकात कापूर असतो. यावर अनेक घरांनी काढलेला मार्ग चांगला आहे: तबक देवापाशीच ठेवायचं, नातवाने ज्योतीवरून हात फिरवून ते तळवे आजींच्या डोळ्यांना लावायचे. समई, उदबत्ती, धूप हे सगळं दुसऱ्या खोलीत, दार लोटून. आजींना स्वतः पूजा करायचीच असेल तर विजेची समई मिळते. डासांसाठी जळती कॉइल बंद करून मच्छरदाणी लावा.

बंब आणि चूल यांचा धोका वेगळा असतो. आजी नळी काढून ठेवतात आणि ‘आता काय, नळी नाही’ म्हणून बंबात लाकूड सारायला जातात. पण लुगड्यात आणि केसांत ऑक्सिजन अजून आहे. नळी काढल्यावर खिडक्या उघडून किमान वीस मिनिटं मोकळ्या हवेत जाऊ द्या, मगच आगीजवळ. खरं तर बंबाचं काम आता दुसऱ्या कोणी घ्यावं. तसंच नळी काढली की मशीन बंद करायची सवय लावा. चालू नळी अंथरुणावर टाकून जेवायला गेलात, तर अर्ध्या तासात अंथरूण ऑक्सिजनने भरतं.

तेलाचं आता सांगतो, कारण हे आपल्याकडे जास्त होतं. नळीने नाक कोरडं पडतं, कधी रक्ताचा ठिपका दिसतो. मग कोणी नाकात साजूक तूप सोडायला सांगतं, कोणी व्हॅसलीन, कोणी बाम. ऑक्सिजनच्या प्रवाहात या स्निग्ध गोष्टी पेटू शकतात. मेडिकलमध्ये मिठाच्या पाण्याचे नाकात टाकायचे थेंब किंवा पाण्याचं बेस असलेलं जेल मिळतं, तेच वापरा. केसांना तेल लावायचं तर नळी नसताना, थोडं, आणि चेहऱ्याकडे ओघळणार नाही असं. हात मात्र साबणाने धुऊनच नळीला लावायचे.

सिलिंडर, आणि वीज गेलेली एक रात्र

ऑक्सिजनच्या सिलिंडरचं अंग काळं आणि डोकं पांढरं असतं. तो उभा, भिंतीला साखळीने किंवा पट्ट्याने बांधून ठेवा. आडवा पडून वरचा व्हॉल्व्ह तुटला तर तो सुटलेल्या बाणासारखा जातो. व्हॉल्व्ह उघडायची चावी सिलिंडरलाच दोरीने बांधून ठेवा, ऐनवेळी शोधाशोध नको. शेतातल्या मोटारीचं ग्रीस किंवा भजी तळतानाचं तेल हाताला असेल तर व्हॉल्व्हला हात लावायचा नाही. एवढ्या दाबाखालच्या ऑक्सिजनला तेल लागलं तर ठिणगीशिवायही पेट घेऊ शकतो. आटे घट्ट बसत नाहीत म्हणून तेलाचा थेंब सोडणं तर कधीच नाही.

आता हिशोब. घरगुती छोट्या सिलिंडरची पाण्याची क्षमता, म्हणजे आत किती पाणी मावेल एवढी जागा, साधारण १० लिटर असते आणि भरलेला असताना दाबाच्या घड्याळाचा काटा १५० बारच्या आसपास असतो. १० गुणिले १५० म्हणजे १,५०० लिटर ऑक्सिजन. मिनिटाला २ लिटरने तो ७५० मिनिटं, म्हणजे साडेबारा तास पुरतो. काटा जिथे असेल त्या आकड्याला १० ने गुणा आणि प्रवाहाने भागा, उरलेली मिनिटं मिळतात. तुमच्या सिलिंडरची क्षमता त्याच्या गळ्यावर कोरलेली असते, ती वेगळी असली तर १० च्या जागी ती धरा.

जूनमधली रात्र. वळीव येतो, साडेनऊला लाईट जाते, मशीनचा भोंगा वाजतो. आपल्या घरात पहिलं काय होतं? कोणीतरी मेणबत्ती पेटवतं. नेमका सिलिंडर उघडायच्या वेळी पेटवतं. म्हणून सिलिंडरशेजारी खिळ्याला बॅटरी टांगलेली हवी, आणि घरात सगळ्यांना माहीत हवं की त्या खोलीत मेणबत्ती, कंदील नाही.

मुलगा बॅटरी घेतो. आजींना बसवतो. हात कोरडे पुसतो. प्रवाहाचा नॉब शून्यावर असल्याची खात्री करून चावीने व्हॉल्व्ह सावकाश उघडतो, एकदम झटक्याने नाही. काट्याकडे बघतो: ९०. मग नळी मशीनवरून काढून सिलिंडरच्या बाटलीला लावतो, गोळी २ वर आणतो, टोकं पेल्यात बुडवून बुडबुडे बघतो, आजींच्या नाकात घालतो. मशीनचं बटण बंद करतो, म्हणजे लाईट आली की ते आपोआप सुरू होऊन खोलीत ऑक्सिजन सोडत बसणार नाही.

आता ९० पैकी शेवटचे २० हिशोबात धरायचे नाहीत, ती गंगाजळी. उरले ७०. त्याला १० ने गुणून ७०० लिटर, भागिले २, म्हणजे ३५० मिनिटं, पावणेसहा तासांच्या जवळपास. रात्री सव्वातीनपर्यंत सोय आहे. सून हे कागदावर लिहून भिंतीला चिकटवते: ‘सव्वातीन’. आणि घर ठरवतं की साडेबारापर्यंत लाईट आली नाही तर पुरवठादाराला फोन करायचा, त्याने उचलला नाही तर एक वाजता गाडी काढून दवाखान्यात जायचं. सव्वातीनची वाट बघायची नाही. शक्यतो सिलिंडर वापरला की लगेच भरायला द्यावा, म्हणजे अशा रात्री काटा ९० नाही, १५० असतो.

इन्व्हर्टर असेल तर चांगलंच, पण ५ लिटरचं मशीन साधारण ३५० वॅट खातं, नेमका आकडा मागच्या पट्टीवर असतो. घरच्या एका बॅटरीवर ते काही तासच चालतं, त्यातही पंखे-दिवे चालू असतील तर कमी. इन्व्हर्टर साइनवेव्ह प्रकारचा हवा, साध्यावर मशीनचा कॉम्प्रेसर नीट चालत नाही. भरवसा सिलिंडरवरच ठेवा.

पूर आणि प्रवास

सांगलीत कृष्णाकाठी राहणाऱ्यांना आयर्विन पुलाची पातळी वेगळी सांगायला नको. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. ऑक्सिजनवरच्या माणसासाठी धोक्याच्या पातळीपर्यंत थांबणं उशिराचं आहे. पाणी घरात यायच्या आधीच सुरक्षेसाठी वीज तोडतात आणि सिलिंडर आणणाऱ्या गाडीचा रस्ता बंद होतो. ४० ला पोहोचायच्या आधीच, कोरड्या रस्त्याने, मशीनसकट नातेवाइकांकडे हला. तिथे वीज कशी आहे, जवळचा पुरवठादार कोण, हे पावसाळ्याआधीच फोन करून ठेवा.

गाडीत सिलिंडर पट्ट्याने घट्ट बांधा, खिडक्या थोड्या उघड्या ठेवा, आणि ड्रायव्हरलाही बिडी नको. कडक उन्हात बंद गाडीत सिलिंडर ठेवून लग्नाला जाऊ नका.

एवढं करूनही आग लागलीच तर क्रम असा. आधी नळी चेहऱ्यावरून ओढून काढा आणि कपडे पेटले असतील तर पाणी ओता. हात पोहोचत असेल तरच ऑक्सिजन बंद करा. माणसाला बाहेर काढा, मागे सिलिंडर घ्यायला परतू नका. १०१ किंवा ११२ ला फोन करताना घरात ऑक्सिजन सिलिंडर आहे हे सांगा.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. छातीचा जोर वाढून ॲडमिट झाल्यावर सुरू झालेला ऑक्सिजन कायमचा लागेलच असं नाही. प्रकृती स्थिर झाल्यावर, दोन-तीन महिन्यांनी, डॉक्टर पुन्हा रक्तातला ऑक्सिजन तपासतात. तेव्हा तास कमी होतात, कधी मशीन परतही जातं. म्हणून पहिले तीन महिने मशीन भाड्याने घ्या, विकत घ्यायची घाई करू नका. आणि भाड्याच्या पावतीवर, मशीन बिघडलं तर किती तासांत बदलून मिळेल, हे लिहून घ्या.